पाटी मराठीत की हिंदीत? आधी ती कामगाराला कळू द्या

सीमाभागात पाट्यांचा प्रश्न निघाला की लगेच दोन तट पडतात. दुकानाची पाटी मराठीत हवी, बसवरचे गावाचे नाव मराठीत हवे, शाळेचा फलक मराठीत हवा, ही आपली मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. १९५६ पूर्वी नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राज्यकारभाराच्या भाषा होत्या, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या मागणीत वावगे काही वाटणार नाही. परंतु एक पाटी अशी आहे की तिच्या बाबतीत हा वाद घालण्याआधी दुसराच प्रश्न विचारावा लागतो. ती पाटी म्हणजे कारखान्यात यंत्राशेजारी लावलेली धोक्याची सूचना. ती ज्याच्यासाठी लिहिली आहे त्याला ती वाचता येते का, आणि वाचली तर त्याचा हात वाचतो का, हा तो प्रश्न.

लालबर्रा, वारासिवनी, बालाघाट हा सारा वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा मुलूख. धान आले की राईस मिली रात्रंदिवस चालतात. मिलमध्ये काम करणारे हमाल, झाडणाऱ्या बाया आणि मशीनवरची पोरे आजूबाजूच्या खेड्यांतून येतात. कोणी घरी पोवारी बोलतो, कोणी मरारी, कोणी गोंडी, कोणी आपल्यासारखी झाडीकडची मराठी. बाजारात सगळे हिंदी बोलतात. बरेचजण चौथी-सातवीपर्यंत शिकलेले असतात. जनगणनेत त्यांची नोंद 'साक्षर' अशी होते आणि ती खोटीही नाही. ते अक्षर ओळखतात, नाव लिहितात, एस.टी.ची पाटी वाचतात. पण एकेक अक्षर लावून वाचणारा माणूस लांब वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेला असतो. अशा माणसाला निरक्षर म्हणता येत नाही, आणि वाचक म्हणूनही कोणी त्याला धरीत नाही. यंत्रावरच्या पाटीचा खरा धनी मात्र तोच आहे.

राईस मिलमधला एकच धोका येथे घेतो, कारण तो सर्वांच्या परिचयाचा आहे. धान खालून वर चढवणारा एलिवेटर म्हणजे उभ्या पेटीत फिरणारा पट्टा आणि त्यावर बसवलेल्या लहान लहान बादल्या. खालच्या पेटीत धान पडते, बादल्या ते भरून घेतात आणि वर नेऊन टाकतात. धान ओले आले, त्यात तणीस किंवा सुतळीचे तुकडे आले, वरून धान जास्त वेगाने सोडले किंवा पुढचे मशीन बंद पडले की खालची पेटी गच्च भरते. यालाच मिलमध्ये 'चोक झाला' म्हणतात. मोटार घुमू लागते, पट्टा चाकावर घसरतो, रबर जळल्याचा वास येतो. बाहेर ट्रक उभा असतो, मुकादम ओरडत असतो. मग कोणीतरी खालचे झाकण सरकवतो आणि हाताने धान ओढू लागतो. अडकलेले धान निघते त्याच क्षणी ताणलेला पट्टा झटक्याने सुटतो आणि बादली येते. पत्र्याच्या बादलीपुढे बोटांचा काय पाड लागणार?

आता हे टाळण्यासाठी जी पाटी लावतात तिचा मासला पाहू. पुढची पाटी कोणत्याही एका मिलमधली नाही. अशा सूचनांची जी सरकारी वळणाची भाषा असते त्या भाषेत मी ती नमुन्यादाखल जुळवली आहे. ती अशी:

'समस्त कर्मचारियों को सूचित किया जाता है कि यंत्र की चालू अवस्था में अवरोध हटाने की चेष्टा न करें। विद्युत प्रवाह विच्छेदित किये बिना एलिवेटर के निचले भाग में हाथ डालना निषेध है। आदेश का उल्लंघन करने पर दुर्घटना के लिये प्रबंधन उत्तरदायी नहीं होगा।'

पंचेचाळीस शब्द झाले. त्यांत कामगाराने नेमके काय करायचे हे सरळपणे सांगणारा एकही शब्द नाही. शेवटचे वाक्य तर कामगारासाठी नाहीच. ते उद्या चौकशीला येणाऱ्या साहेबासाठी आहे. ते पाटीवर ठेवायचे कारणच नाही, म्हणून पहिल्या झटक्याला ते पुसावे. 'समस्त कर्मचारियों को सूचित किया जाता है' हेही पुसावे. पाटी समोर लावलेली आहे म्हणजे ती सूचना आहे, हे सांगायला सात शब्द खर्ची घालायची गरज नाही.

उरलेल्या दोन वाक्यांत आपल्यासाठी एक खास अडचण आहे आणि ती सीमाभागाबाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीत 'निषेध' म्हणजे मनाई. मराठीत निषेध म्हणजे मोर्चात ओरडतात तो. घरी मराठी बोलणारा आणि थोडे वाचणारा माणूस ही पाटी वाचील तर अडथळ्याची थट्टा करू नये आणि हात घालण्याचा निषेध असो, असे काहीतरी त्याच्या हाती लागेल. येथे हसू येते, पण दोन्ही भाषांची लिपी एक असल्यामुळे हा घोटाळा लपून राहतो. तामिळ पाटी असती तर आपल्याला कळत नाही हे त्याला निदान कळले असते. येथे त्याला वाटते की कळले.

मग यावर उपाय म्हणून आपण काय करतो? तीच पाटी मराठीत उतरवून मागतो. ती अशी होते: 'सर्व कर्मचाऱ्यांना सूचित करण्यात येते की, यंत्र कार्यान्वित असताना त्यातील अडथळा दूर करण्याचा प्रयत्न करू नये. वीजपुरवठा खंडित केल्याशिवाय एलिवेटरच्या खालील भागात हात घालण्यास सक्त मनाई आहे.' मराठी शुद्ध आहे. चेष्टा गेली, निषेध गेला. कामगाराच्या पदरात मात्र काही पडले नाही, कारण अडचण जितकी हिंदीत होती तितकीच ती वाक्याच्या घडणीतही होती आणि ती घडण आपण जशीच्या तशी उचलून आणली.

ही घडण जरा उलगडून पाहू. 'वीजपुरवठा खंडित केल्याशिवाय हात घालण्यास मनाई' यात दोन नकार आहेत, एक 'शिवाय' आणि दुसरा 'मनाई'. दोन नकार मिळून होकार होतो हे हिशेब करून काढावे लागते. चोक झालेल्या मशीनपुढे उभा असलेला माणूस हा हिशेब करीत नाही. दुसरे असे की, येथे कामांचा क्रम उलटा पडू शकतो. 'हात घालण्यापूर्वी वीज बंद करा' असे लिहिले तर अक्षर लावून वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे पहिल्यांदा येते ते 'हात घाल'. जे आधी करायचे ते आधी लिहिले पाहिजे, म्हणजे वाचता वाचता करता येते.

तिसरी गोष्ट मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांच्या स्वभावातली आहे. आपल्याकडे क्रियापद शेवटी येते आणि मराठीत नकार त्याच्याही मागे येतो. 'चालत्या पट्ट्यात हात घालू नका' या वाक्यात सारे गंभीर काम 'नका' या दोन अक्षरांवर आहे आणि ती सर्वांत शेवटी आहेत. पेंटरला जागा पुरली नाही आणि त्याने 'हात घालू' एका ओळीत लिहून 'नका' खालच्या ओळीत टाकले, की वरची ओळ एकटी वाचणाऱ्याला काय सांगते ते पाहा. खालचा कोपरा कोंड्याच्या धुळीने माखला किंवा पाटीपुढे पोते उभे केले तर 'नका' अजिबात दिसत नाही. म्हणून शक्यतो नकाराऐवजी काय करायचे ते सांगावे, आणि नकार द्यायचाच असेल तर तो इतका आखूड ठेवावा की एका नजरेत मावेल. 'हात आत नको' हे तीन शब्द तुटत नाहीत.

जोडाक्षरांचेही असेच. 'कार्यान्वित', 'विच्छेदित', 'उत्तरदायी', 'दुर्घटना' या शब्दांशी कमी शिकलेला माणूस अडखळतो. एकदा अडखळला की पुढचे सोडून देतो. जे शब्द त्याच्या तोंडात रोज आहेत ते तो अर्धे अक्षर पाहूनही ओळखतो. मिलमध्ये कोणी 'अवरोध' म्हणत नाही, 'चोक' म्हणतात. कोणी 'विद्युत प्रवाह' म्हणत नाही, 'लाईन' किंवा 'मेन' म्हणतात. हे इंग्रजी शब्द आहेत म्हणून आपल्यातले काही भाषाभिमानी नाक मुरडतील. मुरडू द्यावे.

आता पाटी नव्याने लिहू. यासाठी कागद-पेन्सिल घेऊन ऑफिसात बसण्यापेक्षा एलिवेटरजवळ उभे राहून चोक काढणाऱ्या जुन्या मिस्त्रीला विचारावे, 'दादा, तुम्ही नीट काढता तेव्हा पहिल्यांदा काय करता? मग काय करता?' त्याच्या तोंडून येणारे शब्द जसेच्या तसे टिपावेत. साधारण असा क्रम निघतो. आधी मेन बंद. मग ते दुसऱ्या कोणी चालू करू नये अशी तजवीज. मग पट्टा खरोखर थांबला का ते पाहणे. मग झाकण उघडणे. आणि धान काढायचे ते हाताने नाही. यावरून पाटी अशी बनते:

चोक झाला?
मेन बंद करा.
ताला लावा. चाबी खिशात.
पट्टा थांबला का, बघा.
मग झाकण उघडा.
फावडे वापरा. हात आत नको.

एकवीस शब्द. पहिली ओळ प्रश्नाची ठेवली, कारण ज्या प्रसंगी ही पाटी लागते तो प्रसंग तिने आधी ओळखला पाहिजे. एरवी पाटी भिंतीचा भाग होऊन जाते. प्रत्येक ओळीत एक-दोन छोट्या गोष्टी आहेत आणि करायच्या क्रमाने आहेत. ओळ कोठेही मध्ये तुटत नाही.

'ताला' आणि 'चाबी' पाहून काही वाचक पत्र लिहायला बसतील हे मला माहीत आहे. 'कुलूप' आणि 'किल्ली' हे आपले चांगले शब्द असताना हिंदी शब्द का? तर चाबी आपल्या वऱ्हाड-झाडीतही घरोघर चालते, आणि लालबर्र्याच्या मिलमध्ये पाच बोलींचे लोक एका पट्ट्यावर काम करतात. तेथे कुलूप काहींना कळेल, ताला सर्वांना कळेल. 'बंद', 'पट्टा', 'फावडे', 'खिसा', 'हात' हे शब्द थोड्या फरकाने सर्वांचे आहेत आणि 'करा', 'लावा', 'बघा' हे हिंदी बोलणाऱ्यालाही अडत नाही. गोंदियाकडच्या एखाद्या मिलमध्ये हीच पाटी लावायची असेल तर तेथे कुलूप-किल्ली लिहावे. पाटीचे शब्द त्या त्या भिंतीचे असतात. यामुळे मराठीचे काही बिघडत नाही. ग्रंथालयात, शाळेत, वर्तमानपत्रात मराठीसाठी आग्रह धरण्यात मी कोणाच्या मागे नाही.

एकाच पाटीवर हिंदी आणि मराठी असे दोन रकाने करावेत, अशीही एक सूचना नेहमी येते. ती दिसायला न्यायाची आहे. पण दोन रकाने केले की अक्षर निम्मे होते, मजकूर दुप्पट दिसतो आणि कमी वाचणारा माणूस दुप्पट मजकूर पाहूनच नजर वळवतो. त्यापेक्षा दोघांना कळेल असा एक मजकूर मोठ्या अक्षरात बरा.

कायद्याने याबाबत काय सांगितले होते तेही पाहण्यासारखे आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याचे १०८ वे कलम असे होते की, कायद्याने लावावयाच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात आणि त्या कारखान्याच्या मुख्य प्रवेशद्वारापाशी किंवा जवळ, ठळक जागी, स्वच्छ व वाचता येतील अशा ठेवाव्यात. 'समजणाऱ्या भाषेत' हा शब्दप्रयोग मला फार मोलाचा वाटतो. राज्याची भाषा किंवा जिल्ह्याची भाषा असे तेथे म्हटलेले नव्हते. १९५६ च्या वीज नियमांत मात्र डेंजर बोर्डावर हिंदी किंवा इंग्रजी आणि जिल्ह्याची स्थानिक भाषा, शिवाय कवटी व हाडांचे चित्र असे सांगितले होते. बालाघाट जिल्ह्याची स्थानिक भाषा कोणती, यावर एक परिसंवाद भरवता येईल आणि तो संपणार नाही. हे दोन्ही आता जुने झाले. वीज नियम बदलले आणि कारखाने कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेने घेतली. पण मालकांची एक सवय त्या कलमातून पडून गेली आहे, ती म्हणजे साऱ्या सूचना दाराशी टांगून मोकळे होण्याची. दाराशी असलेली पाटी कायद्यासाठी ठीक. चोक दारात होत नाही. एलिवेटरची पाटी त्या झाकणाच्या वर, डोळ्याच्या उंचीला पाहिजे.

चित्र काढले की वाचायची गरजच नाही, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी इराकची १९७१-७२ ची हकीकत ध्यानात घ्यावी. दुष्काळानंतर तेथे पेरणीसाठी मेक्सिकोतून आणि अमेरिकेतून हजारो टन बियाणे आले. गव्हाला पाऱ्याचे विषारी औषध लावलेले होते आणि ओळखू यावे म्हणून रंगही दिला होता. पोत्यांवर इशारा होता, पण तो स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीत. कवटीचे चित्रही होते. तेथल्या खेडुतांना त्या भाषा येत नव्हत्या आणि कवटीचा अर्थ 'विष' असा त्यांच्या मुलखात रूढ नव्हता. काहींनी गहू धुतला, रंग निघून गेला, तेव्हा विषही गेले असे समजून त्याच्या भाकरी केल्या. सरकारी आकड्याप्रमाणे दवाखान्यांत दाखल झालेल्यांपैकी ४५९ माणसे दगावली. आपल्याकडे कवटी कळते, ती विजेच्या खांबावर लहानपणापासून पाहिली म्हणून. तिच्याखाली लिहिलेला 'खतरा' हा शब्दही त्यामुळेच निरक्षर माणूस ओळखतो. चित्राचासुद्धा अर्थ शिकावा लागतो. म्हणून एलिवेटरच्या पाटीवर चित्र हवे, पण ते ओळखीच्या वस्तूचे हवे: त्या मिलमध्ये जसा आहे तसा मेन, तसाच ताला, तसेच फावडे. परदेशी पुस्तकातला गोल आणि तिरकी रेघ नको. आणि ओळ व चित्र शेजारी शेजारी असावे, म्हणजे ज्याला 'ताला' वाचता येत नाही तो चित्रावरून शब्द शिकतो.

पाटी तयार झाली म्हणजे काम झाले असे नाही. आता ती तपासायची. येथे एक चूक सर्रास होते. मुकादम कामगाराला पाटीपुढे उभा करतो आणि विचारतो, 'समजले का?' तो म्हणतो, 'हो, समजले.' मुकादमापुढे नाही कोण म्हणेल? त्याऐवजी असे करावे. पाटी पुठ्ठ्यावर खडूने किंवा कोळशाने लिहावी. मिलमधल्या सर्वांत कमी शिकलेल्या पाच-सहा माणसांना, त्यात बायाही आल्या, एकेकाला वेगळे बोलवावे. मशीन पूर्ण बंद आणि लाईन तोडलेली असताना त्यांना एलिवेटरपाशी न्यावे आणि म्हणावे, 'समज, चोक झाला. पाटीवर लिहिल्याप्रमाणे करून दाखव.' तो काय करतो ते गप्प राहून पाहावे. कोठे थांबतो, कोणता शब्द दोनदा वाचतो, कोणती ओळ ओलांडून जातो, ते टिपावे. दोघे एकाच ठिकाणी अडले तर दोष शब्दाचा. तो बदलून पुन्हा दुसऱ्या दोघांना विचारावे. पेंटरला त्यानंतरच बोलवावे.

या तपासणीत शब्दापेक्षाही मोठी गोष्ट उघडी पडते. पाटी म्हणते 'मेन बंद करा'. कामगार मेन शोधू लागतो, आणि कळते की मेन मिलच्या दुसऱ्या टोकाला ऑपरेटरच्या खोलीत आहे, खोलीला कडी आहे आणि ऑपरेटर चहाला गेला आहे. पाटी म्हणते 'ताला लावा'. मेनच्या पेटीला ताला अडकवायला कोयंडाच नाही. अशा वेळी शब्द कितीही सोपे केले तरी ती पाटी खोटी बोलते. मेन जवळ आणा, पेटीला कोयंडा बसवा, एक ताला आणि एकच चाबी तेथे टांगा, मग पाटी लावा. आधी ही कामे करायची नसतील तर पाटीचा खर्चही करू नये.

तालाच का, नुसते बटन दाबले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. त्याला कारणे आहेत. खाली एकजण झाकण उघडून बसलेला असतो आणि वर दुसऱ्याला वाटते की मोटार उगाच बंद पडली, तो येऊन चालू करतो. गोंगाटात हाक ऐकू जात नाही. शिवाय आपल्याकडे लाईट जाणे ही रोजची गोष्ट आहे. लाईट गेली आणि पट्टा थांबला म्हणजे मशीन बंद झाले असे नव्हे. चांगला स्टार्टर असेल तर लाईट आल्यावर तो आपोआप चालू होत नाही. पण स्टार्टर बिघडला म्हणून कोणी बटनात काडी खुपसून ठेवली असेल किंवा मोटार सरळ स्विचवर जोडली असेल, तर लाईट येताच पट्टा धावतो. तालाबंद मेनला याची फिकीर नाही. तालाबरोबर एक पत्र्याची चकती टांगावी आणि तिच्यावर तीन शब्द लिहावेत: 'आत माणूस आहे.' येथे 'चालू करू नका' असे लिहायची गरज नाही. हे तीन शब्द वाचून जो बटन दाबील त्याला पाचवी ओळ वाचूनही शहाणपण येणार नाही.

'पट्टा थांबला का, बघा' ही ओळ काही मालकांना अनावश्यक वाटेल. मेन बंद केल्यावर पट्टा थांबणारच की! पण तो लगेच थांबत नाही. आणखी एक गोष्ट मिस्त्री लोक जाणतात, नवी पोरे जाणत नाहीत. भरलेला एलिवेटर बंद केला की चढत्या बाजूच्या बादल्यांतल्या धानाच्या वजनाने पट्टा उलटा फिरू शकतो. उलटे फिरणे रोखणारी अटक बसवलेली असेल तर तो थांबतो. जुन्या मशीनांना ती असेलच असे नाही. म्हणून लाईन बंद असतानाही हात सुरक्षित नाही, आणि म्हणून शेवटची ओळ 'हात आत नको' अशीच राहिली पाहिजे.

कपड्यांची सूचना मी या पाटीवर मुद्दाम घातली नाही. जुन्या कायद्याच्या २२ व्या कलमात असे होते की, चालत्या यंत्राजवळ तपासणी, तेलपाणी करायचे तर ते शिकवून तयार केलेल्या पुरुष कामगारानेच, मालकाने पुरवलेले घट्ट कपडे घालून करावे. चालती यंत्रे साफ करायला बायांना आणि अल्पवयीन पोरांना मनाई होती. पट्ट्यात अडकतो तो दुपट्टा, लुगड्याचा पदर आणि मोकळे केस. ही वेगळी सूचना आहे, वेगळ्या वेळी लागते, म्हणून तिची पाटी वेगळ्या जागी पाहिजे. ती माणूस मशीनघरात शिरतो तेथे असावी: 'पदर खोचा. दुपट्टा काढा. केस बांधा.' एका पाटीवर दोन प्रसंग कोंबले की दोन्ही वाया जातात.

पाटी ही सर्वांत शेवटची गोष्ट आहे हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. पट्ट्यावर जाळी नसेल, चाकावर झाकण नसेल तर त्याची भरपाई पाटी करू शकत नाही. ७ जून २०१७ ला बालाघाटजवळ खैरीच्या फटाका कारखान्यात स्फोट होऊन वीसहून अधिक माणसे गेली. तेथे सोप्या भाषेची पाटी असती तर ती वाचली असती, असे मी म्हणणार नाही. दारूच्या कामात एका जागी किती माल आणि किती माणसे ठेवायची यावर सारे अवलंबून असते आणि ते कामगाराच्या हातात नसते. पाटीने कामगारावर तेवढेच सोपवावे जेवढे त्याच्या हातात आहे. ज्या सूचनेत मालकाने करायची कामे कामगाराच्या नावावर लिहिलेली असतात, ती ओळखायला वेळ लागत नाही. तिच्यात 'जबाबदार राहणार नाही' हे शब्द असतात.

राहिला रंगरंगोटीचा भाग. मिलमध्ये उजेड कमी आणि धूळ फार. पांढऱ्यावर काळी अक्षरे घ्यावीत. तांबड्या रंगाची अक्षरे गंजक्या पत्र्यावर आणि पिवळ्या बल्बच्या उजेडात दिसत नाहीत. तांबडा रंग हवाच असेल तर तो कडेच्या पट्टीला द्यावा. आपल्या लिपीला वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळीत मोकळी जागा जास्त सोडावी लागते. ओळी चिकटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत शिरतो. पेंटरला वळणदार, सावलीची अक्षरे काढायची हौस असते. त्याला ती दुकानाच्या पाटीवर करू द्यावी. चार-पाच पावलांवर उभे राहून, दिवा जसा रोज असतो तसाच ठेवून वाचून पाहावे. धुळीने सर्वांत आधी जातो तो अनुस्वार, आणि 'बंद' या शब्दाची सारी मदार त्या एका टिंबावर आहे. म्हणून टिंब चांगले ठसठशीत काढावे आणि झाडणाऱ्या बाईला पाटीवरून फडके फिरवायला सांगावे.

दर हंगामाला माणसे नवी येतात. नवा धान पडण्याआधी, मिल सुरू करताना, करून दाखवण्याची ती परीक्षा पुन्हा घ्यावी. दोन-तीन हंगामांनंतर कोणी 'ताला'ऐवजी दुसरा शब्द बोलू लागले असतील तर पाटी पुसून तो शब्द लिहावा. पेंटरला पैसे पुन्हा द्यावे लागतील.